चारीचा ट्रॅपेझॉइडल सेक्शन मॅनिंगने काढताना लोक कुठे चुकतात: निफाडकडच्या एका चारीचं पूर्ण गणित

चारीतून किती पाणी जाईल ते सांगणारं मॅनिंगचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तरी चाऱ्या फुटतात, काठावरून पाणी जातं, नाहीतर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतच नाही. गेल्या काही वर्षात नाशिक जिल्ह्यात, निफाड-दिंडोरी पट्ट्यात जास्त करून, ज्या बिघडलेल्या चाऱ्या बघितल्या त्यात सूत्र चुकलेलं जवळजवळ कुठेच नव्हतं, चुकला होता तो त्यात घातलेला उतार आणि n, म्हणजे खडबडीतपणा. आणि या दोन्ही गोष्टी लोक सगळ्यात घाईत ठरवतात, कारण सगळा जीव रुंदी-खोलीत अडकलेला असतो. म्हणून इथे रुंदी-खोली मुद्दाम शेवटी येईल.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. 600 मीटर लांबीची मातीची चारी, अस्तर नाही, काळी जमीन, दोन्ही बाजूला द्राक्षबागा.

सूत्र एकदा लिहून ठेवू:

```
Q = (1/n) * A * R^(2/3) * S^(1/2)
R = A / P
A = (b + z*y) * y
P = b + 2*y*sqrt(1 + z^2)
```

Q म्हणजे सेकंदाला जाणारं पाणी, A पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, P त्या छेदात पाण्याला लागलेल्या मातीची लांबी, b म्हणजे तळाची रुंदी, y पाण्याची खोली, z म्हणजे बाजूचा उतार (1 मीटर उभं गेल्यावर आडवं किती मीटर), S तळाचा उतार, n खडबडीतपणा. सगळं मीटर आणि सेकंदात.

टप्पा 1: पाणी किती न्यायचं ते क्युमेक्समध्ये आणा

आपल्याकडे बोलणं सगळं क्युसेकमध्ये चालतं, आणि इथेच पहिली गडबड होते. 1 क्युसेक म्हणजे 0.0283 क्युमेक्स, म्हणजे घनमीटर प्रति सेकंद, सेकंदाला 28.3 लिटर. जुन्या पुस्तकात फुटातलं सूत्र असतं, त्यात पुढे 1.49 चा गुणक असतो, तो मीटरच्या सूत्रात येत नाही. कुणीतरी तिथून सूत्र उचलतं आणि मीटरचे आकडे घालतं, की उत्तर सरळ दीडपट.

आपल्या चारीत शेवटाला 19 क्युसेक पोचायला हवंय, म्हणजे 0.54 क्युमेक्स. मातीच्या चारीत वाटेत पाणी मुरतं, त्यासाठी इथे साधारण दहा टक्के धरले, म्हणून डिझाइनला Q = 0.60 घेतला. हे मुरण्याचे टक्के तुमच्या जमिनीवर ठरतात, काळ्या मातीत कमी, मुरमात बरेच जास्त, तेव्हा माझे दहा टक्के डोळे झाकून उचलू नका.

टप्पा 2: उतार लेव्हलने काढा, दोन टोकं भागून नाही

सगळ्यात जास्त चाऱ्या इथे मरतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

आपल्या चारीच्या सुरुवातीची आणि शेवटची जमीन यात 0.95 मीटरचा फरक निघाला. 600 भागिले 0.95 केलं की उतार येतो 630 ला 1. कागदावर एकदम झकास उतार. पण ऑटो लेव्हल लावून दर 25 मीटरवर रीडिंग घेतल्यावर दिसलं की त्या 0.95 पैकी 0.65 मीटर तर शेवटच्या 50 मीटरमध्येच आहे, तिथे शेताचा जुना बांध उतरतो. उरलेल्या 550 मीटरमध्ये जमीन फक्त 0.30 मीटर खाली जाते, म्हणजे साधारण 1830 ला 1. पाण्याला त्या साडेपाचशे मीटरमध्ये याच उतारावर चालायचंय, पुढे मोठी उडी आहे याचा त्याला मागे काही उपयोग नाही.

म्हणून तळाचा उतार 2000 ला 1 ठेवला, S = 0.0005. साडेपाचशे मीटरमध्ये 27.5 सेंटीमीटर खर्च होतात, अडीच सेंटीमीटर हातात राहतात, आणि शेवटच्या बांधाशी पाणी एकदम खाली उतरवायला वेगळा फॉल बांधायचा.

630 चा उतार धरला असता तर काय झालं असतं? याच रुंदीला पाण्याची खोली 0.48 मीटर आली असती, वर 15 सेंटीमीटर सोडून चारी 0.63 खोल खणली असती. खऱ्या उताराला पाणी लागतं 0.65 खोल. म्हणजे अगदी पहिल्या आवर्तनाला पाणी काठावरून बागेत. दिंडोरीकडे एका कामावर नेमकं हेच झालेलं मी बघितलंय, छाटणी होऊन आठवडा झालेला आणि वेलींच्या ओळीत पाणी तुंबलेलं, त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

> चेक: रीडिंग्ज कागदावर काढून जमिनीची रेघ बघा. रेघ कुठे एकदम मोडत असेल तर तिथे चारीचे दोन भाग करा, प्रत्येक भागाचा उतार वेगळा, गणितही वेगळं.

> सावध: 2000 ला 1 म्हणजे 0.0005. हेच टक्क्यात 0.05 होतं. सूत्रात टक्क्याचा आकडा गेला की वेग दहापट दिसतो, कारण S चं वर्गमूळ आहे.

टप्पा 3: n एक नाही, तीन घ्या

टेबल उघडायचं, "माती, सरळ, स्वच्छ" ही ओळ शोधायची आणि एक आकडा उचलायचा, असंच बहुतेक जण करतात. पण मातीची चारी वर्षभर एकसारखी राहत नाही. नवीन खणलेली, गुळगुळीत, तेव्हा n साधारण 0.020. एक-दोन पावसाळे गेले, बाजू जरा खडबडीत झाल्या की 0.025. आणि गवत वाढलं, मधे मधे बेशरम उगवली, तळाशी पाणकणीस आलं की 0.035, कधी त्याच्याही वर.

एका पाटकरी काकांनी मला विचारलेलं, "साहेब, पहिल्या आवर्तनाला हेच पाणी निम्म्या उंचीनं जात होतं, आता काठाला का टेकतंय? गेट तर तेवढंच उघडलंय." चारीत उतरून बघितलं तर दोन्ही बाजूंचं गवत पाण्यात झोपलेलं, मधे जेमतेम हातभर मोकळी वाट. पाणी तेवढंच होतं, n बदलला होता.

n सूत्रात खाली आहे, त्यामुळे हिशोब सरळ आहे: आपल्या चारीत 0.65 खोलीला n 0.025 धरून 0.60 जातं, त्याच खोलीला n 0.035 झाला की जेमतेम 0.43. जवळजवळ 28 टक्के पाणी गेलं, आणि चारीचं माप तेच.

म्हणून तीन n चं काम वाटून द्या. तळाची रुंदी आणि नेहमीची खोली 0.025 ने. काठ किती उंच हवा ते 0.035 ने. आणि माती धुपेल का ते 0.020 ने, कारण सगळ्यात जास्त वेग चारी नवी आणि गुळगुळीत असताना असतो. हे उलटं करतात लोक, खडबडीत n घालून वेग कमी दाखवतात आणि म्हणतात धूप होणार नाही, मग पहिल्याच सीझनला तळ खरवडला जातो.

टप्पा 4: बाजूचा उतार मातीला विचारून

काळ्या मातीत 1.5 आडवं 1 उभं, म्हणजे z = 1.5, हे खोदाईला ठेवतो. भराव असेल तर 2. काळी माती भिजली की फुगते, पाणी बंद झालं की सुकताना भेगा पडतात, आणि आवर्तन संपून पाणी एकदम उतरलं की भिजलेली बाजू आतमध्ये सरकते. उभट बाजू ठेवून जागा वाचवली तर दोन आवर्तनात ती माती तळात येऊन पडलेली दिसते.

> सावध: ड्रॉइंगवर 1.5:1 लिहिताना आडवं कुठलं आणि उभं कुठलं ते शब्दात लिहा. साईटवर हे उलटं वाचलं जातं, आणि जेसीबीवाल्याला तर उभी बाजूच सोपी पडते.

टप्पा 5: तळाची रुंदी ठरवा, मग खोली शोधा

आता कुठे रुंदी-खोली. एका सूत्रात b आणि y दोन्ही अज्ञात आहेत, त्यामुळे एक आपण ठरवायचं आणि दुसरं काढायचं. मी b ठरवतो.

पुस्तकात सगळ्यात किफायतशीर सेक्शनचा नियम असतो, z = 1.5 ला तळाची रुंदी खोलीच्या साधारण 0.6 पट येते. त्याच्या मागे फार लागू नका. आपल्या चारीत b 0.7 घेतला तर पाण्याचं क्षेत्रफळ 1.26 चौरस मीटर येतं, b 1.0 घेतला तर 1.27. फरक काहीच नाही, उलट अरुंद तळात गाळ काढायला माणूस नीट उभा राहू शकत नाही. म्हणून b = 1.0 मीटर, बकेटही आरामात चालते.

आता उजवी बाजू आधी काढून ठेवा, ती बदलत नाही:

```
A*R^(2/3) = Q*n / sqrt(S)
          = 0.60*0.025 / 0.02236 = 0.671
```

मग y चे आकडे घालून बघायचं. y = 0.60 ला A येतं 1.14, P 3.16, R 0.360, आणि A*R^(2/3) येतं 0.577. कमी पडलं, खोली वाढवा. y = 0.65 ला A 1.284, P 3.344, R 0.384, उत्तर 0.678. हवं होतं 0.671, जरासं जास्त, चालेल. खोली 0.65 मीटर. तिसऱ्या दशांशापर्यंत भांडण्यात अर्थ नाही, साईटवर तळ दोन सेंटीमीटर वरखाली होतोच आणि n तर आपण अंदाजानेच घेतलाय.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये b, B2 मध्ये z, B3 मध्ये y, B4 मध्ये n, B5 मध्ये S घाला आणि:

```
B6: =(B1+B2*B3)*B3
B7: =B1+2*B3*SQRT(1+B2^2)
B8: =(1/B4)*B6*(B6/B7)^(2/3)*SQRT(B5)
```

B8 मध्ये Q येतो. Goal Seek ने B8 ला 0.60 करायला सांगा, B3 बदलू द्या.

> सावध: घात लिहिताना 2/3 ला कंस हवाच. `R^2/3` लिहिलं की मशीन आधी वर्ग करतं मग तीनने भागतं. R 0.384 असताना खरं उत्तर 0.528, आणि कंस विसरल्यावर 0.049, जवळजवळ अकरापट चूक. खोली 1.35 मीटर वगैरे विचित्र यायला लागली की आधी हा कंस बघा.

> चेक: P मध्ये फक्त पाण्याला लागलेली माती, म्हणजे तळ आणि दोन तिरप्या बाजू. पाण्याचा वरचा मोकळा पृष्ठभाग यात धरायचा नाही. आणि y म्हणजे पाण्याची खोली, खोदाईची नाही, पाण्याच्या वर सोडलेला मोकळा काठ, म्हणजे फ्रीबोर्ड, सूत्रात जात नाही.

टप्पा 6: वेग आणि काठ

नेहमीचा वेग 0.60 भागिले 1.284, म्हणजे 0.47 मीटर प्रति सेकंद. नवीन चारीसाठी n 0.020 घालून परत खोली काढली तर 0.58 येते आणि वेग 0.56. साध्या मातीच्या चारीत मी 0.6 च्या आत राहतो, त्यामुळे धुपेची भीती नाही. दुसऱ्या बाजूने 0.47 हा वेग कमीच आहे, यात गाळ बसणार आणि गवत उगवणार, ते मान्य करूनच पुढे जायचं, जमिनीनेच उतार दिलेला नाही. याचा अर्थ 0.035 चा हिशोब इथे नुसता कागदी नाही, ते खरोखर होणार आहे.

तर 0.035 घालून तोच खेळ परत. उजवी बाजू आता 0.939, खोली येते 0.76 मीटर. म्हणजे गवत वाढल्यावर पाणी 11 सेंटीमीटर वर चढेल.

0.65 वर 30 सेंटीमीटर फ्रीबोर्ड धरून एकूण खोली 0.95 ठेवली. गवताच्या दिवसातही 19 सेंटीमीटर काठ शिल्लक राहतो. फक्त 15 चा फ्रीबोर्ड ठेवला असता तर गवताने 11 खाल्ले आणि 4 उरले असते, एखादी फांदी अडकली की गेलं.

वरची रुंदी आता 1.0 + 2 × 1.5 × 0.95 = 3.85 मीटर. दोन्ही काठांची जाडी आणि एका बाजूला पाटकऱ्याला चालायची वाट यात नाही. जमीन मागताना हे सगळं मिळून मागा, 3.85 सांगून नंतर परत शेतकऱ्याच्या दारात जाणं फार वाईट दिसतं.

टप्पा 7: एकसमान प्रवाह कुठे मोडतो ते बघा

मॅनिंगने काढलेली खोली एकसमान प्रवाहाची आहे, म्हणजे लांबवर तोच सेक्शन, तोच उतार, मधे अडथळा नाही. चारीत दोन जागी हे हमखास मोडतं.

पहिली जागा मोरी. बागेत ट्रॅक्टर जायला 600 मिमीचा एक सिमेंट पाईप टाकला जातो. त्याचं क्षेत्रफळ 0.283 चौरस मीटर, 0.60 पाणी जायला वेग 2.1 मीटर लागतो. आत शिरताना आणि बाहेर पडताना मिळून वेगाच्या उंचीच्या साधारण दीडपट नुकसान धरलं तर 34 सेंटीमीटर पाणी मागे तुंबतं. आपला फ्रीबोर्ड 30 चा. आणि उतार एवढा चपटा असताना 30 सेंटीमीटरचा तुंबा निदान 600 मीटर मागे जातो, कारण 0.30 भागिले 0.0005 बरोबर 600. म्हणजे एक पाईप अख्ख्या चारीचं गणित बिघडवतो. तेच 600 चे दोन पाईप शेजारी शेजारी टाकले की तुंबा 9 सेंटीमीटरवर येतो, तेवढं गवताच्या दिवसातही काठात बसतं, 0.76 आणि 0.09 मिळून 0.85.

> चेक: डिझाइन झाल्यावर चारीवर किती मोऱ्या येणार ते शेतकऱ्यांना विचारून नकाशावर टाका. नंतर कुणी टाकली तर ती एका पाईपचीच असेल हे धरून चाला.

दुसरी जागा शेवटचा फॉल. तिथे उलटं होतं, पाणी खाली पडायच्या आधी ओढलं जातं, खोली 0.65 वरून कड्यावर 0.29 च्या आसपास उतरते आणि वेग 1.4 च्या वर जातो, नेहमीच्या तिप्पट. माती इथे सुटायला लागते, आणि एकदा सुटली की खड्डा मागे मागे सरकत येतो. म्हणून फॉलच्या वरच्या बाजूला काही मीटर तळ आणि बाजू दगडाने पिचिंग करा, फक्त खाली पाणी पडतं तिथेच नाही. खाली पिचिंग सगळे करतात, वरचं राहून जातं.

टप्पा 8: पाणी सोडल्यावर मोजा

मोऱ्या आणि फॉलपासून लांब, साखळी 100 आणि साखळी 400 वर, म्हणजे सुरुवातीपासून 100 आणि 400 मीटरवर, तळात खुंट्या ठोकून ठेवा. पाणी सोडल्यावर ते स्थिर होईपर्यंत थांबा, मग दोन्हीकडे खोली मोजा. दोन्ही सारख्या असतील तर प्रवाह एकसमान आहे. खालच्या खुंटीवर जास्त असेल तर खाली कुठेतरी अडलंय, मोरी नाहीतर गाळ. खालच्या खुंटीवर कमी असेल तर फॉलची ओढ तिथपर्यंत आलीय, किंवा खोदाईत मधेच तळाचा उतार जास्त झालाय.

मग 20 मीटर अंतर मोजून वाळकी काडी किंवा नारळाचा तुकडा मधोमध सोडा आणि वेळ घ्या. वरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून 0.85 ने गुणा. आपल्या चारीत n 0.025 असेल तर काडीला 36 सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. वारा असेल तर दुसऱ्या वेळी करा, काडी वाऱ्याने पळते.

या वेगावरून आणि खोलीवरून n उलटा काढता येतो. तो चारीच्या फाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा, आणि गवत वाढल्यावर परत एकदा मोजा. आपल्या पट्ट्यातल्या काळ्या मातीच्या चारीचा, आपल्या गवतासकट असा मोजलेला n हातात असेल तर पुढच्या चारीला टप्पा 3 मध्ये टेबल उघडायची गरज पडत नाही.